एका हातच्याची करामत: ८९ आणि १९६

कुठलीही संख्या घ्या. तिचे अंक उलट्या क्रमाने लिहून नवी संख्या तयार करा आणि दोघींची बेरीज करा. बेरीज डावीकडून वाचा, मग उजवीकडून वाचा. दोन्हीकडून सारखीच आली, तर काम संपलं. नाही आली, तर त्या बेरजेलाही तसंच उलटायचं आणि पुन्हा मिळवायचं.

उदाहरणार्थ ४७. उलटे ७४, बेरीज १२१. संपलं. आता ५७ घ्या: ५७ + ७५ = १३२, अजून जमलं नाही; १३२ + २३१ = ३६३, जमलं. शब्दांमध्ये आपण 'रामाला भाला मारा' असं उलटसुलट सारखं वाक्य लहानपणी म्हणतो, तशाच या संख्या. इंग्रजीतून आलेला पॅलिंड्रोम हाच शब्द आता मराठीतही रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरतो.

प्रश्न इतकाच: असं करत राहिलं की कधी ना कधी पॅलिंड्रोम येतोच का? चौथीच्या मुलाला समजेल असा हा प्रश्न आहे, आणि आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत त्याचं उत्तर आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर बेरजेतल्या एकाच गोष्टीकडे नीट बघावं लागतं. ती गोष्ट म्हणजे हातचा.

आधी दोन अंकी संख्यांकडे बघू, कारण तिथे सगळं चित्र एका नजरेत येतं. दशकस्थानी अ आणि एककस्थानी ब असेल, तर संख्या १०अ + ब, आणि उलट केलेली १०ब + अ. बेरीज ११अ + ११ब, म्हणजे अकरा गुणिले अंकांची बेरीज. ४७ घ्या, ५६ घ्या, ३८ घ्या की २९ घ्या, अंकांची बेरीज ११ च, त्यामुळे पहिल्याच पायरीला १२१. म्हणजे ९० वेगवेगळ्या संख्या तपासायची गरजच नाही; अंकांची बेरीज किती, एवढंच महत्त्वाचं.

ती बेरीज ९ किंवा त्याहून कमी असेल तर एका पायरीत निकाल लागतो. १० असेल तर ११० आणि मग १२१. १२ आणि १३ लाही दोन पायऱ्या पुरतात. १४ असेल तर १५४, ६०५, ११११ अशा तीन. १५ असेल तर १६५, ७२६, १३५३, ४८८४ अशा चार. ७९ किंवा ९७ ची अंकांची बेरीज १६, त्यांना सहा पायऱ्या लागतात आणि ४४०४४ येतात. ९९ तर मुळातच पॅलिंड्रोम आहे. उरते फक्त १७ ही बेरीज, म्हणजे ८९ आणि ९८. त्यांना किती पायऱ्या लागत असतील? एक, दोन, तीन, चार, सहा या क्रमावरून आठ-दहा असा अंदाज कुणीही करेल. लागतात चोवीस.

माझी भाची सहावीत आहे. गेल्या सुट्टीत तिने चौकटीच्या वहीत ८९ चा सगळा प्रवास करून बघायचा हट्ट धरला आणि आम्ही दोघं एक आख्खी दुपार त्यावर बसलो. प्रवासाआधी मात्र तिला मी हातच्याची गोष्ट दाखवली, ती आधी इथे सांगतो.

संख्या आणि तिची उलट संख्या एकाखाली एक मांडली की एक गंमत दिसते. पहिल्या स्तंभात पहिला अंक आणि शेवटचा अंक आहे. शेवटच्या स्तंभात शेवटचा अंक आणि पहिला अंक. जोडी तीच, फक्त वरखाली. दुसऱ्या स्तंभातली जोडी शेवटून दुसऱ्या स्तंभातही असते. म्हणजे हातचे बाजूला ठेवून नुसत्या स्तंभांच्या बेरजा लिहिल्या, तर त्या दोन्ही बाजूंनी सारख्याच असणार, प्रत्येक वेळी, कुठल्याही संख्येसाठी. पॅलिंड्रोम जणू तयारच असतो. तो बिघडवतो हातचा, कारण हातचा फक्त डावीकडे जातो. उजवीकडे त्याची जोडी भरून काढणारं कुणी नसतं.

१८७ + ७८१ बघा. स्तंभांच्या बेरजा ८, १६, ८. दोन्हीकडून सारख्या. पण १६ मधला ६ खाली राहतो आणि हातचा १ डावीकडच्या ८ मध्ये जाऊन त्याचे ९ करतो. उत्तर ९६८. उजवीकडचे ८ तसेच राहिले, डावीकडचे ९ झाले, सारखेपणा गेला.

यावरून एक पक्का नियम मिळतो: समोरासमोरच्या प्रत्येक जोडीची बेरीज ९ किंवा कमी असेल, तर हातचा येणारच नाही आणि पुढची बेरीज नक्की पॅलिंड्रोम असेल. उलट बाजूने मात्र नियम इतका कडक नाही. हातचा येऊनही कधी कधी जमून जातं. ६०५ + ५०६ मध्ये स्तंभ ११, ०, ११ असे येतात. उजवीकडचा हातचा मधल्या शून्यावर बसतो आणि त्याचा १ होतो, डावीकडचे ११ तसेच उतरतात, आणि ११११ मिळतात. हातचे दोन आले, पण ते अशा जागी पडले की सगळं सारखं झालं.

आता ८९ चा प्रवास. वही-पेन्सिल घेऊन सोबत करून बघितलात तर जास्त मजा येईल.

१) ८९ + ९८ = १८७
२) १८७ + ७८१ = ९६८
३) ९६८ + ८६९ = १८३७
४) १८३७ + ७३८१ = ९२१८
५) ९२१८ + ८१२९ = १७३४७
६) १७३४७ + ७४३७१ = ९१७१८
७) ९१७१८ + ८१७१९ = १७३४३७
८) १७३४३७ + ७३४३७१ = ९०७८०८
९) ९०७८०८ + ८०८७०९ = १७१६५१७
१०) १७१६५१७ + ७१५६१७१ = ८८७२६८८

इथे जरा थांबा. ८८७२६८८ कडे बघून भाची "मामा, झालं!" म्हणून ओरडलीच. डावीकडून ८, ८, ७. उजवीकडून ८, ८, ६. एका अंकाने हुकलं. नेमकं काय झालं ते स्तंभ मांडले की कळतं: ८, ८, ६, १२, ६, ८, ८. मधोमधचे दोन सहा एकमेकांत मिळून १२ झाले, त्यांचा एकुलता एक हातचा शेजारच्या ६ वर गेला आणि त्याचे ७ झाले. सात स्तंभांत एकच हातचा, तोही अगदी मध्यावर. तो आला नसता तर प्रवास दहाव्या पायरीवर संपला असता. त्याच्यामुळे आणखी चौदा पायऱ्या चालाव्या लागल्या.

११) ८८७२६८८ + ८८६२७८८ = १७७३५४७६
१२) १७७३५४७६ + ६७४५३७७१ = ८५१८९२४७
१३) ८५१८९२४७ + ७४२९८१५८ = १५९४८७४०५
१४) १५९४८७४०५ + ५०४७८४९५१ = ६६४२७२३५६
१५) ६६४२७२३५६ + ६५३२७२४६६ = १३१७५४४८२२
१६) १३१७५४४८२२ + २२८४४५७१३१ = ३६०२००१९५३
१७) ३६०२००१९५३ + ३५९१००२०६३ = ७१९३००४०१६
१८) ७१९३००४०१६ + ६१०४००३९१७ = १३२९७००७९३३
१९) १३२९७००७९३३ + ३३९७००७९२३१ = ४७२६७०८७१६४
२०) ४७२६७०८७१६४ + ४६१७८०७६२७४ = ९३४४५१६३४३८
२१) ९३४४५१६३४३८ + ८३४३६१५४४३९ = १७६८८१३१७८७७
२२) १७६८८१३१७८७७ + ७७८७१३१८८६७१ = ९५५५९४५०६५४८
२३) ९५५५९४५०६५४८ + ८४५६०५४९५५५९ = १८०१२००००२१०७
२४) १८०१२००००२१०७ + ७०१२००००२१०८१ = ८८१३२०००२३१८८

शेवटची संख्या वाचायची तर ८ लाख ८१ हजार ३२० कोटी २३ हजार १८८. नव्वदच्या आतल्या एका संख्येतून निघालेली.

तेविसाव्या पायरीच्या उत्तराकडे पुन्हा बघा: १८०१२००००२१०७. तेरा अंकांपैकी सहा शून्यं. जोड्या करा: १ आणि ७, ८ आणि ०, ० आणि १, १ आणि २, २ आणि ०, ० आणि ०, आणि मध्ये एकटं शून्य. एकाही जोडीची बेरीज नऊच्या वर जात नाही. म्हणजे चोविसावी बेरीज करायच्या आधीच सांगता येतं की आता पॅलिंड्रोम येणार. भाचीने हे स्वतः ओळखलं आणि पेन्सिल खाली ठेवली. शेवटची बेरीज तिने माझ्याकडून करून घेतली.

हाताने करताना चुका होतात, आणि या खेळात एक चूक पुढच्या सगळ्या पायऱ्या नासवते. आमचीही झाली. नवव्या पायरीला ९०७८०८ उलटताना वहीत ८०८०७९ लिहिलं गेलं. ७ आणि शेजारचं शून्य यांची अदलाबदल. बेरीज आली १७१५८८७. ही चूक शोधायला दोन जुने ताळे उपयोगी पडले.

पहिला नऊचा ताळा. अंकांची बेरीज एक आकडी होईपर्यंत करत जायची. ८९ साठी ८ + ९ = १७, मग ८. संख्या उलटली तरी अंक तेच राहतात, त्यामुळे दर पायरीला हा आकडा दुप्पट व्हायला हवा: ८ चे १६ म्हणजे ७, ७ चे १४ म्हणजे ५, मग १, २, ४ आणि पुन्हा ८. दर सहा पायऱ्यांनी चक्र पुरं होतं. चोवीस म्हणजे बरोबर चार चक्रं, तेव्हा शेवटी ८ च यायला हवेत. ८८१३२०००२३१८८ च्या अंकांची बेरीज ४४, म्हणजे ८. जुळलं.

पण आमची चूक या ताळ्याला सापडली नाही, कारण अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. तिथे अकराचा ताळा लागतो. एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं शेवटपर्यंत जायचं. उत्तर शून्य किंवा अकराच्या पटीत आलं तर संख्येला अकराने भाग जातो. ८९ च्या साखळीत पहिल्या पायरीपासूनच प्रत्येक संख्येला अकराने भाग जातो, कारण १८७ म्हणजे ११ गुणिले १७, आणि अकराने भाग जाणारी संख्या उलटली तरी तिला अकराने भाग जातोच. आता १७१५८८७ तपासा: १ − ७ + १ − ५ + ८ − ८ + ७ = −३. चूक उघड झाली. बरोबर उत्तर १७१६५१७ असेल तर: १ − ७ + १ − ६ + ५ − १ + ७ = ०. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून कधीच निसटत नाही. मी तर म्हणेन की हाताने करणार असाल तर दर पायरीला दोन्ही ताळे घ्याच.

संगणकावर करायचं असेल तर तिथली फसगत वेगळी आहे. एक्सेलसारख्या कोष्टकात संख्येचे फक्त पहिले १५ अंक जपले जातात, त्यापुढच्या अंकांच्या जागी गुपचूप शून्यं येतात. ८९ तेरा अंकांत संपतो म्हणून वाचतो. पण १०९११ घेतलात तर ५५ पायऱ्यांनंतर २८ अंकी पॅलिंड्रोम येतो, ४६६८७३१५९६६८४२२४८६६९५१३७८६६४, आणि तो कोष्टकात तुम्हाला कधीच दिसणार नाही. मोठ्या संख्यांच्या शेवटी शून्यांची रांग दिसू लागली की समजावं, आता उत्तर खोटं आहे. पायथॉन भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, म्हणून तिथे चार ओळींत काम होतं:

```python
n, k = 89, 0
while str(n) != str(n)[::-1]:
    n, k = n + int(str(n)[::-1]), k + 1
print(k, n)
```

हे चालवलं की `24 8813200023188` असं उत्तर येतं. यात ८९ च्या जागी १९६ घातलेत, तर मात्र उत्तर येणार नाही. पायथॉनच्या नव्या आवृत्त्या (३.११ पासून) ४३०० अंकांपेक्षा मोठी संख्या अक्षरांत बदलायला नकार देतात, त्यामुळे साधारण १०,४०० पायऱ्यांनंतर प्रोग्रॅम `ValueError` देऊन बंद पडेल. तोवर पॅलिंड्रोम आलेला नसेल.

हा १९६ म्हणजे या साऱ्या विषयातला काटा. सुरुवात साधीच आहे: १९६ + ६९१ = ८८७, ८८७ + ७८८ = १६७५, मग ७४३६, १३७८३, ५२५१४, ९४०३९, १८७०८८, १०६७८६९ आणि पुढे. कुठेच काही वेगळं दिसत नाही. पण पॅलिंड्रोम येतच नाही. हजाराच्या आत अशा हट्टी संख्या तेरा आहेत, पण खरी कोडी दोनच. २९५, ३९४, ४९३, ५९२, ६९१, ७९० यांच्या मध्ये ९ आहे आणि टोकांची बेरीज ७, अगदी १९६ सारखी, त्यामुळे पहिल्याच पायरीला सगळ्या ८८७ वर येतात. ६८९, ७८८ आणि ९८६ एका पायरीत १६७५ वर पोचून त्याच वाटेला लागतात. ८८७ तर त्या वाटेवरच आहे. उरतात ८७९ आणि ९७८, त्यांची वाट स्वतंत्र आहे.

१९६ चा पाठलाग लोकांनी किती चिकाटीने केला आहे, त्याचा एकच प्रसंग सांगतो. ऑटोडेस्क या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जॉन वॉकर यांनी १२ ऑगस्ट १९८७ रोजी त्यांच्या सन कंपनीच्या संगणकावर एक प्रोग्रॅम सुरू करून दिला. दुसरं काम नसेल तेव्हा त्याने १९६ उलटत, मिळवत राहायचं. पॅलिंड्रोम आला किंवा संख्या १० लाख अंकी झाली की थांबायचं. तो थांबला २४ मे १९९० रोजी, जवळपास तीन वर्षांनी, २४,१५,८३६ व्या पायरीवर. संख्या १० लाख अंकी झाली होती आणि पॅलिंड्रोम आलेला नव्हता. पुढे वेड व्हॅन लँडिंगहॅम यांनी ही मजल ३० कोटी अंकांपर्यंत नेली. अशा संख्यांना 'लायक्रेल' हे नावही त्यांनीच दिलं, त्यांच्या मैत्रिणीच्या शेरिल या नावातली अक्षरं इकडची तिकडे करून. २०१५ मध्ये रोमें डोल्बो यांच्या गणनेत संख्या १०० कोटी अंकांवर पोचली. तरीही नाही.

वॉकर यांच्या आकड्यांतून एक उपयोगी गोष्ट निघते. २४ लाख पायऱ्यांत १० लाख अंक, म्हणजे साधारण दर पाच पायऱ्यांमागे दोन अंक वाढतात. संख्या सतत लांबत जाते, आणि लांबणं हेच तिच्या विरुद्ध जातं.

कसं ते बघा. ० ते ९ मधले कुठलेही दोन अंक घेतले तर १०० जोड्या होतात, आणि त्यांपैकी ५५ जोड्यांची बेरीज ९ किंवा कमी असते. म्हणजे एका जोडीतून हातचा न येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. दहा अंकी संख्येत अशा पाच जोड्या असतात आणि पाचही जमाव्या लागतात. ती शक्यता साधारण वीसात एक. वीस अंकी असेल तर चारशेत एक. शंभर अंकी झाली की १० लाख कोटीत एक. १० लाख अंकांपाशी ही शक्यता लिहायची तर छेदात जवळपास १ लाख ३० हजार अंकी संख्या लिहावी लागेल. म्हणून जी संख्या लवकर सुटत नाही, ती बहुतेक कधीच सुटत नाही. ८९ ला उशीर झाला, पण तरी ती तेरा अंकांतच सुटली.

'बहुतेक' हा शब्द मात्र इथे काढता येत नाही. साखळीतले अंक फासे टाकून आलेले नसतात, प्रत्येक संख्या आधीच्या संख्येतून ठरलेली असते. शिवाय ६०५ सारखे हातचा येऊनही जमणारे प्रसंग या हिशोबात धरलेले नाहीत. आणि फार उशिरा सुटणाऱ्या संख्या खरोखर सापडतात. २००५ मध्ये जेसन डूसेट यांना ११८६०६०३०७८९१९२९९९० ही संख्या सापडली. तिला २६१ पायऱ्या लागतात आणि मिळणारा पॅलिंड्रोम ११९ अंकी आहे. २०० व्या पायरीला कुणी कंटाळून सोडून दिली असती, तर ती हट्टी संख्यांच्या यादीत गेली असती.

आपल्याकडे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची ६१७४ ची गोष्ट अनेकांना ठाऊक असते. चार अंकी संख्येचे अंक चढत्या आणि उतरत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं, तर सगळे अंक सारखे नसतील तेव्हा जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात. तिथे शंका उरत नाही, कारण वजाबाकी चार अंकांच्या कुंपणातच राहते. एकूण संख्या दहा हजार, सगळ्या तपासून टाका, सिद्धता झाली. इथे बेरीज आहे आणि कुंपण नाही. संख्या परत मागे येत नाही, म्हणून ती कुठल्या चक्रात अडकली असंही दाखवता येत नाही. नुसतं तपासत राहण्याने १९६ चा 'नाही' कधीच सिद्ध होणार नाही. त्यासाठी संख्या लांबत असतानाही तिच्या बांधणीत काहीतरी कायम राहतं, हे दाखवावं लागेल.

असं दाखवता येतं, पण दशमान पद्धतीत नाही, द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून. तिथे २२ ही संख्या १०११० अशी लिहितात आणि ती कधीच पॅलिंड्रोमपर्यंत पोचत नाही, हे जर्मन गणिती रोलांड स्प्राग यांनी सिद्ध केलं. चौथ्या पायरीला ती १०११०१०० होते. तिथून पुढच्या चार पायऱ्या अशा:

१०११०१००
१११००००१
१०११०१०००
११००१०१०१
१०१११०१०००

पहिली आणि शेवटची ओळ तुकडे पाडून वाचा. १०, ११, ०१, ००. आणि १०, १११, ०१, ०००. रचना तीच आहे, फक्त मधल्या एकांच्या रांगेत एक १ आणि शेवटच्या शून्यांच्या रांगेत एक ० वाढलं. आणखी चार पायऱ्या केल्या की १०, ११११, ०१, ०००० येतात. हे कितीही लांबीला असंच घडतं, हे बीजगणिताने दाखवता येतं. मधल्या ओळींचाही हिशोब सोपा आहे: एक सोडून एक ओळ १ ने सुरू होऊन ० वर संपते, आणि उरलेल्या ११ ने सुरू होऊन ०१ वर संपतात. दोन्ही प्रकारांत दोन टोकं जुळत नाहीत. म्हणून पॅलिंड्रोम कधीच येऊ शकत नाही, आणि त्यासाठी एकही संगणक चालवावा लागत नाही.

१९६ च्या साखळीत अशी पुन्हा पुन्हा येणारी रचना अजून कुणाला दिसलेली नाही. भाचीने वहीचं पुढचं पान ८७९ ला दिलं आहे. ८७९ + ९७८ = १८५७, १८५७ + ७५८१ = ९४३८, अशी सुरुवात करून ती रोज दोन-तीन पायऱ्या करते, आणि प्रत्येक ओळीखाली दोन्ही ताळे लिहिते.